अटलाटल: हातभर लांबीची दांडी भाल्याचा वेग कसा वाढवते, आणि ती स्वतः कशी बनवायची

नीरज चोप्राने टोकियोत सुवर्णपदक जिंकलं तेव्हा त्याचा भाला 87.58 मीटरवर पडला होता. त्याच्या बऱ्याच आधी, 1995 साली, अमेरिकेत कोलोराडोमध्ये डेव्ह एन्गव्हॉल नावाच्या माणसाने एका हलक्या भाल्यासारख्या काठीची फेक केली. ती 258.63 मीटर गेली, म्हणजे जवळजवळ तिप्पट. हा फरक एन्गव्हॉलच्या ताकदीचा नव्हता. ऑलिंपिकचा भाला 800 ग्रॅमचा असतो, एन्गव्हॉलची काठी त्याहून खूप हलकी होती, आणि ती त्याने नुसत्या हाताने न फेकता अटलाटलने फेकली होती. अटलाटल म्हणजे एका टोकाला मूठ आणि दुसऱ्या टोकाला छोटा आकडा असलेली दांडी. आकडा भाल्याच्या शेपटीत अडकवायचा, मूठ हातात धरायची आणि दांडीने भाल्याला मागून ढकलायचं.

नुसता भाला हलका केला असता तर काम भागलं नसतं. दांडी नसेल तर हलकेपणाचा फायदा फार लवकर संपतो. तो का संपतो हे एकदा समजलं की दांडी किती लांब हवी, भाला किती जाड हवा, मनगट केव्हा वळवायचं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. म्हणून बनवण्याआधी थोडा हिशेब करू.

दांडी नेमकं काय करते

मोठ्या माणसाचा एक हात खांद्यापासून बोटांपर्यंत तीन-साडेतीन किलोचा असतो. त्या हाताने 120 ग्रॅमची काठी फेकताना स्नायूंची जवळजवळ सगळी मेहनत हातालाच वेग देण्यात जाते. काठी हातात असली काय आणि नसली काय, हाताचा वेग फारसा बदलत नाही. काठी आणखी हलकी करून 60 ग्रॅमची केली तरी ती जेमतेम तेवढ्याच वेगाने सुटते. शिवाय स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितकं त्याचं बळ कमी होतं. म्हणजे हलकी काठी फेकताना हात अशा वेगाला पोचलेला असतो जिथे त्याच्याकडे देण्यासारखं बळ उरलेलंच नसतं.

इथे तरफेचा उपयोग होतो. दांडीचं मुठीकडचं टोक थोडंसं फिरलं की आकड्याकडचं टोक बरंच अंतर कापतं. बळ विभागलं जातं, अंतर वाढतं. मनगटाला आता तीच काठी जड लागते, त्यामुळे स्नायू थोडे सावकाश पण जास्त जोर लावून काम करतात. क्रिकेटच्या नेटमध्ये फलंदाजाला सराव देताना साइडआर्म वापरतात, त्यातही हेच घडतं. थ्रोडाउन देणाऱ्याचा खांदा वेगवान गोलंदाजासारखा नसतो, तरी लांब दांड्याच्या टोकाच्या वाटीतून चेंडू त्याच वेगाने निघतो.

आकडे घालून पाहू. तरुण, पण भालाफेकीचा खास सराव नसलेला माणूस 120 ग्रॅमची काठी हाताने सेकंदाला 14 मीटर वेगाने फेकतो असं धरू. आता त्याच्या हातात 60 सेंटिमीटरची दांडी द्या. मुठीच्या मधल्या बिंदूपासून आकड्यापर्यंत 55 सेंटिमीटर. फेकीच्या शेवटी ही दांडी मागे आडव्या स्थितीतून उभ्या स्थितीत येते, म्हणजे पाव वर्तुळ फिरते. तेवढ्यात आकडा मुठीभोवती साधारण 86 सेंटिमीटरची कमान कापतो. हे 0.07 सेकंदात झालं तर आकड्याचा मुठीच्या तुलनेतला वेग सेकंदाला 12 मीटर येतो. मूठ स्वतःही पुढे जात असते, पण आता 14 ने नाही. दांडी फिरवायला जोर गेल्यामुळे ती मंदावून 9 वर आली असं धरू. दांडी उभी होते त्या क्षणी दोन्ही वेग एकाच दिशेला असतात, म्हणून त्यांची बेरीज करता येते: 9 आणि 12, मिळून 21.

14 चे 21 झाले, म्हणजे दीडपट. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 14 मीटर वेगाला काठीत सुमारे 12 ज्यूल होते, 21 ला साडेसव्वीस होतात. हवेचा विरोध सोडून दिला तर पल्लाही वर्गानेच वाढतो: 20 मीटरवरून 45 मीटर. ही ऊर्जा दांडीने निर्माण केलेली नाही. ती हातातच होती. हात मंदावला आणि त्याच्यातली ऊर्जा काठीत गेली. म्हणूनच चांगल्या फेकीनंतर हाताला हिसका बसत नाही, हात मऊपणे खाली येतो. हिसका बसला तर समजावं की ऊर्जा हातातच राहिली.

याच हिशेबातून मर्यादाही दिसते. 21 मीटरचा वेग साधारण दीड मीटरच्या प्रवासात मिळवायचा असेल तर त्या काठीला मागून सरासरी 18 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 1.8 किलो वजनाइतकं बळ लागतं. ते बळ 55 सेंटिमीटर लांब दांडीच्या टोकाशी लावायचं आहे. दांडीच्या टोकाला पाऊणेदोन किलोचं वजन टांगून ती मुठीत आडवी धरून पाहा, अवघड जातं पण जमतं. 800 ग्रॅमच्या भाल्यासाठी हेच वजन 12 किलो होईल, आणि ते कोणाच्याही मनगटाला झेपणारं नाही. जड भाल्याला अटलाटलचा काही उपयोग नाही. हे साधन लांब, सडपातळ आणि हलक्या भाल्यासाठीच आहे. अशा भाल्याला डार्ट म्हणतात, आणि इथून पुढे मीही तोच शब्द वापरतो.

दांडी

फ्रान्समधल्या कोंब सोनिएर गुहेत सापडलेला हरणाच्या शिंगाचा आकडा साडेसतरा हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो आणि तो सगळ्यात जुन्यांपैकी एक आहे. त्यानंतर युरोपात शिंगावर प्राण्यांची सुंदर शिल्पं कोरलेले अटलाटल बनले, ऑस्ट्रेलियात वूमेरा बनला, आर्क्टिक किनाऱ्यावर इन्युइट लोकांनी आपला वेगळा प्रकार घडवला. मेक्सिकोत अॅझ्टेक सैनिकांनी स्पॅनिश सैन्याविरुद्ध तो वापरला, आणि अटलाटल हे नावही त्यांच्याच नाहुआत्ल भाषेतलं आहे. घरी बनवायला मला सगळ्यात सरळ वाटतो तो अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या बास्केटमेकर लोकांचा नमुना. अॅरिझोनातल्या व्हाइट डॉग केव्हमध्ये तो कोरड्या हवेमुळे लाकडासकट टिकून राहिला. चपटी, हलकी दांडी, मुठीपाशी बोटं अडकवायला चामड्याच्या दोन फासण्या, आणि टोकाला आकडा. आपण फासण्या सोडून देऊ, कारण सुरुवातीला साधी मूठ शिकायला सोपी जाते.

सुताराकडून सागवानाची 60 सेंटिमीटर लांब, साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड पट्टी आणा. रेषा सरळ, टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या हव्यात. मध्ये गाठ असेल तर ती पट्टी परत करा, कारण ताण नेमका तिथेच येतो. मुठीची 11-12 सेंटिमीटर जागा सोडून बाकीची दांडी आकड्याकडे निमुळती करत न्या, टोकाशी रुंदी दोन सेंटिमीटर आणि जाडी एक सेंटिमीटर राहील इतकी. हे दिसण्यासाठी नाही. टोकाकडचं प्रत्येक ग्रॅम मुठीकडच्या ग्रॅमपेक्षा फिरवायला कितीतरी जड पडतं, कारण फिरण्यातलं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. तयार दांडी 150 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून हलकी असावी. मूठ कानसने गोल करून पॉलिश पेपरने घासा, आणि मुठीच्या शेवटी थोडा फुगवटा ठेवा, म्हणजे घामट हातातून दांडी सुटणार नाही.

आकडा बाभळीच्या किंवा दुसऱ्या कठीण लाकडाच्या तुकड्यातून घडवा. तीन-चार सेंटिमीटर लांबीचा तुकडा दांडीच्या वरच्या अंगाला, टोकापाशी, पटाशीने केलेल्या खाचेत एपॉक्सीने बसवा आणि वरून मेण लावलेल्या दोऱ्याने घट्ट बांधा. नुसत्या एपॉक्सीवर विसंबू नका, कारण प्रत्येक फेकीत तिला मागे ओढलं जातं. आकड्याचं टोक मुठीकडे वळलेलं आणि दांडीच्या पृष्ठभागापासून सात-आठ मिलिमीटर उंच हवं. टोक हरभऱ्याएवढं गोलसर घासा. आकडा फार उंच किंवा फार टोकदार झाला तर दांडी उभी होताना डार्टची शेपटी त्यातून सुटत नाही, आणि डार्ट समोर पाच-सात मीटरवर जमिनीत घुसतो. हा दोष पुढे पुन्हा येईल, कारण नव्या अटलाटलमध्ये तो सगळ्यात जास्त दिसतो.

डार्ट: खरी मेहनत इथे आहे

दांडी एका दुपारी होते. डार्टला वेळ द्यावा लागतो, आणि दहा वाईट फेकींपैकी बहुतेकांचं मूळ डार्टमध्येच असतं.

कारण असं. दांडी आडवीची उभी होते तेव्हा आकडा पुढे तर जातोच, पण वरही उचलला जातो. आकड्यात अडकलेली डार्टची शेपटीही वर उचलली जाते. डार्ट सळईसारखा ताठ असेल तर शेपटी वर आणि टोक खाली होईल, आणि तो जमिनीकडे निघेल. म्हणून डार्ट लवचिक हवा. शेपटीला मागून जोर मिळाला की तो मधून कमानीसारखा वाकतो, त्या वाकण्यात शेपटीचं उचललं जाणं जिरून जातं, आणि टोक निशाण्याकडेच राहतं. सुटल्यावर तो उलट-सुलट लवत जातो आणि ते लवणं हळूहळू थांबतं. संथ गतीच्या व्हिडिओत पहिल्यांदा हे पाहिलं की आपला डार्ट बिघडलाय असं वाटतं, पण चांगला डार्ट तसाच उडतो.

लांबी 180 सेंटिमीटर धरा. बुरुडाकडे करंगळीएवढ्या जाडीचा, सरळ, भरीव किंवा जाड भिंतीचा बांबू मागा. मानवेल मिळाला तर उत्तम. जाड टोकाला 12 मिलिमीटर, बारीक टोकाला 9-10 इतपत चालेल. जास्तच घ्या, कारण पाचातून एखादाच मनासारखा निघतो. सावलीत, आडवे टांगून, हिरवटपणा पूर्ण जाईपर्यंत सुकवा. मग गॅसच्या मंद आचेवर वाकडा भाग फिरवत गरम करा. हाताला सोसवणार नाही इतका तापला की कापडात धरून उलट दिशेला थोडा जास्त वाकवा आणि थंड होईस्तोवर तसाच धरून ठेवा. पेरांपाशी तो हट्टी असतो, तिथे दोनदा-तीनदा करावं लागतं. सालीचा रंग तपकिरी होऊ लागला की थांबा, जळलेला बांबू नंतर तिथेच तुटतो. पेरांवरचे उंचवटे कानसने सपाट करा.

आता लवचिकतेची परीक्षा. डार्टचं पुढचं टोक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर टेकवा, डार्ट सरळ उभा धरा आणि शेपटीवर तळव्याने सावकाश खाली दाबा. आधी काटा चढत जाईल. मग एका क्षणी डार्ट मधून एकदम वाकेल आणि त्यानंतर कितीही दाबलं तरी काटा फारसा चढणार नाही. काट्यावरचं ते वजन टिपून ठेवा. काटा पाच किलोचा असेल तर फार जोरात दाबू नका.

हे वजन किती हवं? वर आपण काढलं की 120 ग्रॅमच्या डार्टला सरासरी 1.8 किलोचं बळ लागतं. सरासरीपेक्षा शिखराचं बळ बरंच जास्त, जवळजवळ दुप्पट असतं. डार्ट त्या शिखरापाशी वाकायला हवा, आधी नाही आणि फार नंतरही नाही. म्हणून 110 ते 140 ग्रॅमच्या डार्टसाठी तीन ते चार किलो ही योग्य मर्यादा. दोन किलोलाच वाकणारा डार्ट हातातच गळपटतो, जोर वाकण्यातच जातो. सहा किलोला वाकणारा डार्ट सळईसारखा वागतो.

हे वजन जुळत नसेल तर डार्ट दुरुस्त करता येतो. वाकण्याचं बळ लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतं, म्हणून 180 सेंटिमीटरचा डार्ट 10 सेंटिमीटरने कापला की तो सुमारे बारा टक्के ताठ होतो. जाडीचा परिणाम याहून खूप मोठा आहे, कारण तो चौथ्या घाताने होतो. 12 मिलिमीटरची भरीव काठी सगळीकडून घासून 11 केली तर तिचं बळ तीस टक्क्यांनी उतरतं. म्हणजे मऊ डार्ट कापून ताठ करायचा, ताठ डार्ट घासून मऊ करायचा, आणि घासताना दर काही मिनिटांनी पुन्हा काट्यावर तपासायचं. बांबूची साल घासू नका, सगळी मजबुती तिच्यात असते. साल घासावी लागेल इतका जाड बांबू असेल तर दुसरा घ्या. लाकडाच्या गोल काठीला मात्र हे बिनधास्त करता येतं.

शेपटीकडच्या पोकळीत तीन-चार सेंटिमीटरची लाकडी खुंटी एपॉक्सीने बसवा आणि तिच्या मधोमध चार मिलिमीटर खोल, आकड्याच्या टोकाला जुळणारा उथळ खळगा करा. टोक त्यात सैल फिरायला हवं. खळग्याच्या मागेच दोऱ्याचे पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा, नाहीतर बांबू तिथून उभा चिरतो.

जाड टोक पुढे ठेवा. बास्केटमेकर लोक डार्टच्या पुढच्या भोकात कठीण लाकडाचा वेगळा छोटा तुकडा बसवत आणि दगडी पातं त्या तुकड्याला असे. प्राण्याला लागल्यावर तो तुकडा आत राही आणि लांब मागचा भाग गळून पडून पुन्हा वापरता येई. आपल्याला पातं नको. पंधरा सेंटिमीटरचा बाभळीचा तुकडा पुढच्या पोकळीत पाच सेंटिमीटर आत जाईल असा बसवा, टोक बोथट गोल ठेवा, आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळून पुढचं वजन जुळवा. डार्ट बोटावर आडवा तोलून पाहा. तो टोकापासून 75-80 सेंटिमीटरवर तोलला गेला पाहिजे, म्हणजे मध्यापेक्षा जरा पुढे. तोल मध्यावर असेल तर डार्ट हवेत आडवा होऊ लागतो. फारच पुढे असेल तर तो लवकर नाक खाली घालतो.

पिसांचं काम मागचं टोक हवेत धरून ठेवणं एवढंच. टर्की किंवा बदकाची लांब पिसं मिळाली तर दांडीवरून उभी चिरून 12-15 सेंटिमीटरचे तीन तुकडे करा. नाहीतर फाइलच्या पातळ प्लास्टिकचे तुकडेही काम करतात. उंची दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. शेपटीपासून सात-आठ सेंटिमीटर अंतर सोडा आणि खालची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे पिसं दांडीवर आपटणार नाहीत. दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधली की झालं. कॅनडातल्या युकॉनमध्ये 1997 पासून वितळत्या बर्फातून हजारो वर्षांपूर्वीचे डार्ट मिळत आहेत, काहींवर पिसं आणि स्नायुतंतूंची बांधणी अजून शाबूत आहे. आपण करतो त्या बांधणीत आणि त्या बांधणीत फरक फक्त दोऱ्याचा आहे.

फेक

जागा आधी. साडेसव्वीस ज्यूलचा बोथट डार्टसुद्धा माणसाचा डोळा किंवा बरगडी सहज फोडू शकतो. समोर शंभर मीटर मोकळं मैदान हवं, आणि सगळी माणसं फेकणाऱ्याच्या बरीच मागे उभी हवीत, बाजूला नाही. सुरुवातीला डार्ट आकड्यावरून घसरून तिरका जातो तो बाजूलाच. डार्ट आणायला सगळे एकदमच जा. शिकारीचा विषय आपल्याकडे नाहीच, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तो गुन्हा आहे. निशाण्याला पेंढ्याचा भारा पुरे.

दांडीची मूठ शेवटच्या तीन बोटांत घट्ट धरा. अंगठा आणि तर्जनी मोकळी ठेवून त्यांच्या चिमटीत डार्ट अलगद धरा, आकडा खळग्यात बसवा. चिमटीचं काम एवढंच की फेक सुरू होईपर्यंत डार्ट आकड्यावरून पुढे घसरू नये. उजव्या हाताने फेकत असाल तर डावा पाय पुढे, अंग निशाण्याला आडवं. हात मागे, मूठ कानाच्या उंचीवर, डार्ट जमिनीला जवळजवळ समांतर, टोक जरासं वर.

आता डावा पाय पुढे टाका, कंबर वळवा, मग खांदा, मग कोपर. मूठ पुढे जाताना ती शक्य तेवढी सरळ रेषेत जाऊ द्या आणि मनगट मागे वळलेलंच ठेवा. दांडी अजून आडवी आहे, डार्ट तिच्यावर आडवा सरकतो आहे. कोपर जवळजवळ सरळ झालं की मनगट पुढे झटका. चिमटी उघडायची आठवण ठेवावी लागत नाही, डार्ट स्वतःच निघून जातो. हात पुढे आणि खाली वाहू द्या.

सगळा खेळ मनगटाला थांबवून धरण्यात आहे. मनगट लवकर वळलं तर दांडी फेकीच्या मध्यातच उभी होते, कमान तिथेच संपते, आणि उरलेल्या प्रवासात हात डार्टला ढकलतच नाही. तो वर, मंद, तरंगत जातो. मी शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी जोर लावूच देत नाही. दहा मीटरवरच्या भाऱ्यावर आरामात, अर्ध्या जोराने. मनगटाची वेळ जुळली की जोर न वाढवता डार्ट एकदम वेगाने जायला लागतो, आणि तो बदल बघणाऱ्यालाही कळतो.

काय बिघडलंय ते डार्टच सांगतो

डार्ट नाक खाली घालून जवळच घुसत असेल तर आधी आकडा तपासा. त्याच्यावर एका बाजूला घासल्याची चकाकी दिसत असेल तर शेपटी उशिरा सुटते आहे. आकडा थोडा कमी उंच आणि जास्त गोल करा, खळगा उथळ करा. तरीही तेच होत असेल तर डार्ट ताठ आहे, पुन्हा काट्यावर दाबून बघा.

तो वर चढून थबकत असेल आणि मागे घसरत असेल तर मनगट लवकर वळतंय किंवा पुढचं टोक हलकं आहे. तार आणखी गुंडाळा. त्याने फरक पडला नाही तर चूक मनगटाची. बाजूला जात असेल तर चिमटी घट्ट आहे, किंवा मूठ सरळ न जाता चेंडू फेकल्यासारखी वाकड्या रेषेत जाते आहे. आणि डार्टचं लवणं शेवटपर्यंत थांबतच नसेल, तो निशाण्यात तिरका घुसत असेल, तर डार्ट मऊ आहे. थोडा कापा.

वेग मोजणं

आपल्या दांडीने खरंच किती फरक पडला हे मोबाइलवर मोजता येतं, आणि मोजायलाच हवं. नाहीतर सुधारणा झाली की केवळ वाटली, ते कळत नाही.

फेकणाऱ्यापासून दोन मीटर पुढे एक काठी रोवा, तिथून पाच मीटरवर दुसरी, दोन्ही डार्टच्या वाटेच्या अगदी लगत. मोबाइल पंधरा मीटर बाजूला, तिपाईवर, दोन्ही काठ्यांच्या मधल्या बिंदूसमोर काटकोनात. स्लो मोशन 240 फ्रेम्सवर ठेवा. डार्टचं टोक पहिल्या काठीपाशी असलेली आणि दुसऱ्या काठीपाशी असलेली फ्रेम शोधा, मधल्या फ्रेम्स मोजा. समजा हाताने फेकताना 86 फ्रेम्स आल्या. 86 ला 240 ने भागा, 0.358 सेकंद, पाच मीटरला त्याने भागा, सेकंदाला 14 मीटर. दांडीने 57 फ्रेम्स आल्या तर 0.2375 सेकंद, म्हणजे 21 मीटर. काठ्या वाटेपासून दूर असतील तर हिशेब चुकतो. काठ्या डार्टपेक्षा मोबाइलच्या जवळ असतील तर डार्टने कापलेलं खरं अंतर पाच मीटरहून जास्त असतं, आणि आपण वेग खऱ्यापेक्षा कमी मोजतो. पलीकडे असतील तर उलट.

हे जमलं की लांबीचा प्रयोग करा, मला यातला सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. त्याच जाडीच्या पट्टीतून 40, 60 आणि 90 सेंटिमीटरच्या तीन दांड्या बनवा आणि एकच डार्ट तिन्हींनी फेका, प्रत्येकीने अनेक वेळा, कारण एका फेकीवरून काही ठरत नाही. 40 वरून 60 वर जाताना वेग स्पष्ट वाढतो. 90 ला मात्र तेवढी वाढ मिळत नाही, कित्येकांचा वेग उलट कमी होतो. मुठीपासून आकडा 35 वर होता तो 85 सेंटिमीटरवर गेला. डार्टचं फिरवण्यातलं जडत्व लांबीच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ सहापट झालं, आणि लांब दांडीचं स्वतःचं वेगळंच. कमान लांब झाली, पण ती पूर्ण करायला लागणारा वेळही वाढला. दांडी उभी होण्याआधीच हात पुढे जाऊन संपतो. व्हिडिओत हे दिसतं: डार्ट सुटताना 90 ची दांडी अजून तिरकीच असते. डार्ट 80 ग्रॅमचा केला तर तीच लांब दांडी पुन्हा फायद्याची होऊ शकते, मग डार्ट बारीक करावा लागतो, मग तो मऊ होतो, मग आखूड करावा लागतो. पल्ल्याचे विक्रम करणारे लोक याच साखळीत एकेक ग्रॅम आणि एकेक सेंटिमीटर सरकत जातात. निशाणेबाजीसाठी मात्र 60 ची दांडी आणि 120 ग्रॅमचा डार्ट सोडून जायचं मला कारण दिसत नाही. आंतरराष्ट्रीय निशाणेबाजीत पाच फेकी 15 मीटरवरून आणि पाच 20 मीटरवरून होतात. तेवढ्या अंतराला सेकंदाला 20-21 मीटर वेग भरपूर होतो, आणि दांडी जितकी लांब तितकी मनगटाची छोटीशी चूकही निशाण्यावर मोठी होऊन दिसते.